रात्री श्वास अडकून जाग येते, ती भीतीमुळं की घशामुळं?

मागच्या वर्षी पोळ्यानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे दोन पेशंट आले, दोन वेगळ्या गावचे, एकमेकांना ओळखतही नाहीत, आणि दोघांनी जवळपास एकच गोष्ट सांगितली. काका ५२ वर्षांचे, कापूस-तुरीचं वावर, अंगानं भरलेले, ते म्हणाले, "काय सांगू मॅडम, अर्ध्या रात्री धसकून उठतो, श्वासच येत नाही, वाटते का आता सरलं." दुसरी ताई ३१ वर्षांची, शिडशिडीत, अंगणवाडीत मदतनीस, ती म्हणाली, "झोपेतून एकदम जाग येते अन् दम घुटते, छाती धडधड करते, वाटते आता काही मी सकाळ पाहात नाही." दोघांचा ईसीजी आधीच काढून झाला होता, दोघांचा नॉर्मल, आणि दोघांनाही कोणीतरी सांगून टाकलं होतं की टेन्शन घेऊ नका. काकांच्या खिशात तर झोपेच्या गोळ्यांची पट्टी होती, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळालेली.

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते आणि ही तक्रार मला महिन्यातून चार-पाच वेळा तरी ऐकायला मिळते. या दोघांचे आजार पूर्ण वेगळे निघाले, एकाचा घशाचा म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया आणि एकीचा पॅनिक अटॅक जो झोपेतही येतो. ते वेगळे कसे केले तेवढंच आज लिहिते, कारण घरच्यांना हे माहीत असलं तर आमचं अर्धं काम घरीच होतं.

मुद्दा असा आहे की पेशंटला फक्त जाग आल्यानंतरचं माहीत असतं. भीती, घाम, धडधड, श्वास, हे सगळं जागेपणीचं. पण दोन्ही आजारांतला फरक जाग यायच्या आधी काय झालं त्यात आहे. अ‍ॅप्नियात त्रास आधी होतो आणि जाग आली की तो संपायला लागतो, पॅनिकमधे जाग येते आणि तिथून त्रास चढायला लागतो. हे एक वाक्य डोक्यात ठेवलं तर पुढचे सगळे प्रश्न कशासाठी विचारतात ते आपोआप कळतं.

आता घशात काय होतं ते बघा. विहिरीवर मोटर लावताना सक्शनला जाड, कडक पाईप लावतात, मऊ पाईप लावला तर मोटरनं पाणी ओढल्याबरोबर तो चपटा होतो आणि पाणी बंद, हे वावरात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. आपला घसा, म्हणजे जिभेच्या मागचा भाग, हा तसा मऊ पाईपच आहे, त्याला हाडाचा आधार नाही, दिवसा स्नायू त्याला ताणून उघडा ठेवतात. झोप लागली की ते स्नायू सैल पडतात. मानेत चरबी जास्त असली, जबडा लहान असला, टॉन्सिल मोठे असले, उताणं झोपलं की जीभ मागे पडली, तर श्वास ओढताना पाईप अर्धा दबतो आणि थरथरतो, ते घोरणं. पूर्ण चपटा झाला की हवा बंद. छाती-पोट ओढत राहतं पण आत काही जात नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरायला लागतो, शेवटी मेंदू धोका ओळखून माणसाला अर्धवट उठवतो, स्नायू ताणले जातात, मोठ्ठा आवाज करून श्वास येतो, आणि माणूस परत झोपतो. असं रात्रीतून शंभर-दोनशे वेळा होऊ शकतं आणि बहुतेक वेळा माणसाला त्यातलं एकही आठवत नाही. एखाद्या वेळी मात्र तो पूर्ण जागा होतो, गळा दाबल्यासारखा, हातपाय झाडत, घाबरलेला. काकांना आठवत होती ती हीच एखादी वेळ.

पॅनिकमधे घसा उघडाच असतो. तिथं बिघडलेला असतो तो मेंदूतला धोक्याचा भोंगा, धोका नसताना वाजणारा. हलक्या झोपेतून गाढ झोपेत उतरताना तो वाजतो, म्हणून झोप लागल्यावर साधारण १ ते ३ तासांत, आणि स्वप्न पडल्यामुळं नाही, हे महत्त्वाचं, कारण लोक म्हणतात वाईट स्वप्न पडलं असेल. स्वप्नातून दचकून उठणारा माणूस स्वप्न सांगू शकतो. या ताईला काही म्हणजे काही आठवत नव्हतं, एकदम जाग, आणि मग भीती वाढत वाढत दहा मिनिटांच्या आत शेंड्याला. घाबरून माणूस भराभर श्वास घेतो, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, चक्कर येते, आणि गंमत नाही, खरंच श्वास पुरत नाही असं वाटतं जेव्हा की श्वास गरजेपेक्षा जास्त चालू असतो.

म्हणून मी पहिला प्रश्न विचारते की श्वास परत यायला किती वेळ लागला. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "उठून बसलो का दोन-चार श्वासात मोकळं होते, मंग पाणी पेतो अन् झोपतो." अर्ध्या मिनिटात मोकळं. भीती असते पण श्वास सुटला की तीही उतरते. ताईचं उलटं, वीस-पंचवीस मिनिटं चालायचं, अंगणात फेऱ्या मारायची, नवऱ्याला उठवायची, आणि मग पहाटेपर्यंत डोळा नाही. घड्याळाचंही विचारते. ती अकराला झोपायची आणि साडेबारा-एकला उठायची, जवळपास दरवेळी तेव्हाच. काका कधीही उठायचे पण पहाटे तीन-चारनंतर जास्त, कारण स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते आणि त्या झोपेत स्नायू सगळ्यात सैल पडतात. नुसत्या घड्याळावरून निदान करू नये, पण सगळं एका बाजूला झुकायला लागलं की भरवसा वाढतो.

खरी साक्ष मात्र बाजूला झोपणाऱ्याची. काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या, काका म्हणत होते तिले काय विचारता, मी बोलावून घेतलंच. त्या म्हणाल्या, "घोरतात त बाप्पा असे का शेजारच्या घरी ऐकू जाते. त्याचं काई नाही. पण मधातच एकदम चूप होतात. मले भेव वाटते ना जी, मी मनात मोजतो, वीस-पंचवीस होऊन जातात, मंग हालवतो त खर्रकन आवाज करून श्वास घेतात." मोठ्या माणसात १० सेकंद किंवा जास्त श्वास बंद राहिला तर ती एक घटना धरतात. काकू रोज रात्री वीस-पंचवीस मोजत होत्या आणि त्यांना आजपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं.

मी त्यांच्या मुलाला सांगितलं की मोबाईलवर व्हिडिओ काढून आण. कसा काढायचा तेही सांगते कारण लोक अंधारात नुसत्या आवाजाचा आणतात. पांघरूण बाजूला, लाईट चालू, गळ्यापासून पोटापर्यंत दिसलं पाहिजे, आणि दहा-पंधरा मिनिटं सलग, शक्यतो पहाटे आणि उताणे झोपलेले असताना. कूलर चालू असेल तर थोडा वेळ बंद करा, आवाजच येत नाही नाहीतर. त्याच्या व्हिडिओत स्पष्ट दिसलं, घोरणं थांबलं, नाकातोंडाचा आवाज शून्य, पण पोट आणि छाती हलतच होती, उलट एकमेकांच्या विरुद्ध, पोट वर तर छाती आत. म्हणजे माणूस ओढतोय आणि पाईप बंद आहे.

दिवसाचं विचारलं तर काका म्हणाले झोप तर मस्त लागते, कुठंही लागते. इथं लोक फसतात, कुठंही झोप लागणं म्हणजे चांगली झोप नाही. मेलबर्नच्या मरी जॉन्स या डॉक्टरनं १९९१ मधे ८ प्रश्नांचा एक तक्ता केला, एपवर्थ स्केल म्हणतात, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ मार्क, एकूण २४, आणि १० च्या वर गेलं की दिवसाची झोप जास्त आहे असं धरतात. त्यात वाचत बसणं, कारमधे सिग्नलला थांबणं असे प्रश्न आहेत, ते आपल्याकडं तसेच्या तसे विचारून उपयोग नाही. मी तक्ता भरतेच पण सोबत विचारते एसटीत बसल्यावर किती वेळात डुलकी लागते, कीर्तनात बसले तर, टीव्हीसमोर, दुपारी जेवण झाल्यावर, आणि मोटरसायकलवर कधी डोळा लागला का. काकांना लागला होता, दोनदा. ताईला दिवसा थकवा होता, पण झोपायला सांगितलं तर झोप येत नव्हती. दमलेलं असणं आणि डोळे मिटत असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हीला आपण "सुस्ती" म्हणतो.

काका रात्री तीन-चार वेळा लघवीला उठायचे, त्यासाठी शुगर तपासून झाली होती, प्रोस्टेटची सोनोग्राफी झाली होती, सगळं ठीक. बंद घशाविरुद्ध ओढताना छातीत जो ताण पडतो त्यानं हृदयाच्या कप्प्याला वाटतं की रक्त जास्त झालं, पाणी बाहेर टाका, आणि ते एक हार्मोन सोडतं ज्यानं लघवी वाढते. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, बीपीच्या दोन गोळ्या चालू आणि तरी १६० च्या खाली येत नाही. टेपनं गळा मोजला, ४३ सेंटीमीटर. ४० च्या वर गेला की आम्ही कान टवकारतो.

आता ऑक्सिमीटर. कोरोनात घराघरात आला आणि आता लोक त्यावर फार भरवसा ठेवतात. काकांच्या मुलानं एका रात्री ते उठल्यावर बोटाला लावला, ९७ आला, आणि घरचे म्हणाले बघा, श्वासाचं काही नाही, मनाचंच आहे. पण जाग येऊन चार श्वास घेतले की आकडा परत वर येतोच, खाली गेला होता तो झोपेत, तेव्हा बोटाला काही नव्हतं. शिवाय श्वास थांबल्यावर बोटावरचा आकडा लगेच पडत नाही, उशिरा पडतो. त्यामुळं उठल्यावर ९७ आला तर तेवढ्यावरून अ‍ॅप्निया नाही असंही म्हणता येत नाही आणि पॅनिकच आहे असंही नाही. रात्रभर लावून नोंद ठेवणारं मशीन असेल तर गोष्ट वेगळी.

तेच काकांना लागलं, स्लीप स्टडी. नागपूरला पाठवलं, त्यांनी घरी न्यायचं मशीन दिलं, नाकाला बारीक नळी, छातीला आणि पोटाला पट्टा, बोटाला क्लिप, एवढंच, रात्रभर लावून झोपायचं. रिपोर्टमधे ६ तासांच्या नोंदीत श्वास पूर्ण किंवा अर्धवट अडल्याच्या २०४ घटना होत्या, म्हणजे तासाला ३४. या आकड्याला एएचआय म्हणतात, ५ पर्यंत नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. ऑक्सिजन एका वेळी ७८ पर्यंत उतरला होता. या मशीनची एक मर्यादा आहे, माणूस झोपलाय की जागा आहे हे त्याला कळत नाही, तो अर्धी रात्र जागा राहिला तरी तो वेळ भागाकारात धरला जातो आणि आकडा कमी येतो. म्हणून लक्षणं जोरात असताना घरचा रिपोर्ट नॉर्मल आला तर तिथं थांबायचं नाही, लॅबमधे झोपून मेंदूच्या तारांसकट पूर्ण तपासणी करायची.

आणि ती गोळ्यांची पट्टी. अल्प्राझोलाम होती. या जातीच्या गोळ्यांनी घशाचे स्नायू अजून सैल पडतात आणि मेंदूला जाग यायला उशीर होतो, आणि अ‍ॅप्नियात जाग येणं हाच तर वाचवणारा गजर आहे. काकांना वाटत होतं गोळीनं बरं आहे कारण धसकून उठणं कमी झालं होतं. काकू म्हणाल्या चूप राहणं उलट वाढलं. मला तेव्हा फार राग आला, पेशंटवर नाही, ज्यानं न विचारता ती पट्टी काउंटरवरून दिली त्याच्यावर. दारूचं काम तसंच आहे, संध्याकाळची दारू रात्री घसा सैल करते. पण महिनोन्महिने अशी गोळी घेत असाल तर हे वाचून आज एकदम बंद करू नका, त्यानं घबराट उसळते आणि कोणाला फिटही येऊ शकते, डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करायची असते. काकांची वीस दिवसांचीच होती, लवकर सुटली.

ताईकडं परत येते. ती घोरत नाही, नवरा म्हणाला श्वास कधी थांबलेला ऐकला नाही, गळा बारीक, बीपी ११०. पण बाईमाणूस आहे आणि बारीक आहे म्हणून अ‍ॅप्निया नाहीच असं मी धरत नाही, बायकांमधे घोरण्यापेक्षा थकवा, झोप न लागणं, उदास वाटणं असंच जास्त दिसतं आणि पाळी गेल्यानंतर प्रमाण वाढतं, त्यामुळं कित्येक जणींचा अ‍ॅप्निया "टेन्शन"च्या नावाखाली दडून राहतो. तिला मी वेगळं विचारलं, दिवसा असं कधी झालं का. थोडं थांबून म्हणाली, एकदा आठवडी बाजारात झालं होतं, भाजी घेता घेता एकदम धडधड, हात गार, वाटलं इथंच पडते, पिशवी टाकून घरी आली. रात्री पॅनिक येणाऱ्या बहुतेकांना दिवसाही कधीतरी आलेला असतो, पण ते दोन्ही एकच आहे हे त्यांना माहीत नसतं म्हणून कोणी सांगत नाही. तेव्हापासून ती बाजारात जात नव्हती, आणि रात्री झोपायची भीती म्हणून अकरापर्यंत भांडी घासत बसायची. झोपेचीच भीती बसणं हीही पॅनिककडं बोट दाखवणारी गोष्ट.

थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि शुगर पाहिली. थायरॉइड वाढलेला असला किंवा रक्त फार कमी असलं तरी धडधड होते म्हणून. हिमोग्लोबिन ९.८ होतं, त्याला लोहाच्या गोळ्या दिल्या, पण एवढ्यानं असे अटॅक येत नाहीत. खर्रा खाते का विचारलं, नाही, पण चहा दिवसाला सात-आठ कप, शेवटचा रात्री नऊला, तो बंद केला. मग जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीत पाठवलं. तिथं रोज घ्यायची गोळी सुरू झाली, झोपेची नाही, एसएसआरआय जातीची, हिचा परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात कधी कधी घबराट थोडी वाढते, हे आधी सांगितलं नाही तर लोक चौथ्या दिवशी गोळी फेकून देतात. सोबत तिला शिकवलं की अटॅक आला की पळायचं नाही, श्वास सावकाश करायचा, सोडताना जास्त वेळ, आणि कॅलेंडरवर किती वाजता आला आणि किती मिनिटं राहिला ते लिहायचं. जिल्ह्याला वारंवार जाणं जमत नसेल तर टेली मानसचा १४४१६ हा फुकटचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

सगळेच पेशंट या दोघांसारखे सरळ नसतात. काही जणांना दोन्ही असतं, घसा अडकून उठतात आणि त्या धक्क्यावर पॅनिक चढतो, म्हणजे अर्ध्या मिनिटात श्वास मोकळा पण भीती अर्धा तास. तिथं आधी घशाचा इलाज करतात, त्यानंच कित्येकदा पॅनिकही कमी होतो. उलटंही होतं, एखाद्याचा एएचआय ७ येतो, सौम्य, पण त्याचं सगळं वर्णन पॅनिकचं असतं, तिथं रिपोर्टवर सौम्य अ‍ॅप्निया छापून आलं म्हणून सगळा दोष घशावर टाकला तर मशीन घेऊनही अटॅक चालूच राहतात.

आणि या दोन्हीत न बसणारं एक आहे ते घरी ओळखायलाच पाहिजे. आडवं झाल्यावर तास-दोन तासांत दम लागून उठणं, बाजेच्या काठावर पाय खाली सोडून बसल्याशिवाय बरं न वाटणं, मोकळं व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागणं, पायावर सूज, दोन-तीन उशा लागणं, हे हृदय कमजोर झाल्याचं लक्षण असू शकतं, त्याला लवकर दाखवा. छातीवर दाब, हात-जबड्यात कळ, ओठ निळे, गुलाबी फेस, असं काही असेल तर पॅनिक की काय हा विचारच करू नका, १०८ ला फोन करा. छातीतून शिट्टीसारखा आवाज असेल तर दमा, तोंडात आंबट पाणी येऊन ठसका लागला असेल तर ॲसिडिटी.

काकांना सीपॅप मशीन लागलं. नाकावर मास्क, त्यातून हलक्या दाबानं हवा, म्हणजे मऊ पाईप आतून फुगवून ठेवायचा. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मधे हा उपाय दाखवला तेव्हा त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी लावली होती. मशीन स्वस्त नाही, काकांनी तुरीचे पैसे आल्यावर घेतलं, तोवर त्यांना कुशीवर झोपायला लावलं, बनियानच्या पाठीला काकूंनी कापसाचा गोळा शिवून दिला म्हणजे उताणं झालं की टोचतं, त्यानं काही जणांचं बरंच भागतं, काकांचं थोडं भागलं. मास्कची सवय व्हायला तीन आठवडे गेले, पहिले आठ दिवस ते दोन वाजता काढून फेकायचे. दोन महिन्यांत बीपीची एक गोळी कमी झाली, लघवीला उठणं एकदावर आलं. अडचण आमच्याकडं लाईटची, रात्री लाईट गेली की मशीन बंद, मास्कला हवा जायला छिद्र असतं त्यामुळं गुदमरत नाही पण त्या रात्री घसा परत बंद पडतो. आता मुलानं छोटी इन्व्हर्टर बॅटरी बसवली आहे, हवा ओलसर करायला मशीनमधे पाणी असतं, ते गरम करायचं बटण बंद ठेवलं की ती रात्रभर पुरते, आणि लाईट गेली की काकू अजूनही आधी मशीनचा आवाज येतो का ते ऐकतात.

ताईच्या कॅलेंडरवर पहिल्या महिन्यात नऊ खुणा होत्या, चौथ्यात दोन. त्यातल्या शेवटच्या खुणेपुढं तिनं लिहिलं होतं, "१२:४०, ८ मिनिटं, यायले उठवलं नाही."